रंगपंचमीचे पाहुणे गेले, आता त्यांच्याबद्दल रिव्ह्यू काय लिहू?

माडीवरची_इंदूर · शुक्रवार, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. इंदूरला रामबागेत आमचं जुनं घर आहे. खाली आम्ही आणि सासूबाई राहतो. वर माडीवर दोन खोल्या, न्हाणीघर, ओटा आणि पुढे गच्ची आहे. दीड वर्षापासून माडी एअरबीएनबीवर देतो. राजवाडा चालत जाण्याएवढा जवळ आहे, त्यामुळे रंगपंचमीच्या गेरसाठी, रंगांच्या त्या मिरवणुकीसाठी, महिनाभर आधीच बुकिंग येतं.

या वेळी तीन तरुण मुलं आली, मंगळवारी संध्याकाळी. बुधवारी रंगपंचमी झाली आणि गुरुवारी सकाळी 11 ला ती गेली. मी वर गेले आणि दारातच उभी राहिले. चारही पांढरे टॉवेल गुलाबी-हिरवे झालेले. एका उशीच्या अभ्र्यावर गालाएवढा गुलाबी डाग. न्हाणीतल्या टाइल्स पुसल्या गेल्या, पण टाइल्सच्या मधल्या सांध्यांमध्ये रंग बसलाय, मोरीच्या भोवती तर अल्त्याची रेघ ओढावी तसा. जिन्यावर पावलं. आमच्या मावशींना एरवी दीड तास लागतो, काल साडेतीन तास लागले. दुपारी एकचे पाहुणे होते, त्यांना चारला या म्हणून विनवावं लागलं.

आणखी एक म्हणजे सासूबाईंनी बुधवारी दुपारी जिन्यावरून पाच जणांना जाताना पाहिलं. बुकिंग तिघांचं होतं.

रात्री रागात हे लिहून ठेवलंय, अजून पाठवलेलं नाही:

"अतिशय बेजबाबदार मुलं. घराची रंगभूमी करून टाकली. तिघांचं बुकिंग करून पाच जण आणले. सांगूनही रंग घरात आणला. कोणत्याही होस्टने यांना घर देऊ नये."

स्वच्छतेला 1, नियमांना 1 देणार आहे. हे म्हणतात फार कडक झालं. मला वाटतं खरं आहे ते लिहावं. तुम्ही काय लिहिलं असतं?

सुदामानगर_वन_बीएचके · शुक्रवार, रात्री 10:05

ताई, आधी एक व्यवहाराची गोष्ट. आत्ता लिहूच नका. चौदा दिवस असतात, चौदाव्या दिवशी रात्री टाका. तुम्ही लिहिलं की त्यांना सूचना जाते, मग ते तुमचं वाचतात आणि बदला म्हणून तुम्हाला एक तारा देतात. शेवटच्या तासाला टाकलं की त्यांना वेळच मिळत नाही. मी नेहमी असंच करतो.

सयाजीगंज_तीन_खोल्या · शुक्रवार, रात्री 10:50

बडोद्याहून लिहिते आहे. वरच्या सल्ल्यातलं अर्धं बरोबर आहे. तुम्ही रिव्ह्यू दिला की पाहुण्याला "होस्टने लिहिलंय" एवढी सूचना जाते, हे खरं. पण काय लिहिलंय ते त्याला दिसत नाही. दोघांनी लिहिलं की दोन्ही एकदम उघडतात, नाहीतर चेक-आउटपासून 14 दिवस उलटल्यावर. म्हणजे तुमचं वाचून तो त्याचं लिहू शकत नाही. शेवटच्या तासाची वाट बघून एकच होतं, आपल्याला त्या दिवशी काय पाहिलं ते आठवत नाही. मी स्वतः एकदा अशीच थांबले आणि मुदत निघून गेली. त्या पाहुण्याने ओट्यावर गरम कुकर ठेवून ग्रॅनाइटला तडा पाडला होता, आणि त्याच्या प्रोफाइलवर आजही त्याची नोंद नाही.

आता तुमच्या मजकुराबद्दल. ताई, तुमचा त्रास खरा आहे. पण ही पाच वाक्यं पुढच्या होस्टने वाचली तर त्याला काय कळेल? तुम्ही रागावलात, एवढंच. टॉवेल रंगले हे त्यात नाहीच. आणि पाठवण्याआधी मला चार गोष्टी सांगा:

रंगाबद्दलची सूचना लिस्टिंगच्या घरनियमांत होती, की नंतर सांगितली?

पाच जण रात्री राहिले, की येऊन गेले?

सफाई सुरू करायच्या आधी फोटो काढलेत का?

आणि रंगाशी संबंध नसलेलं काय झालं? चांगलं आणि वाईट, दोन्ही.

लष्कर_ग्वाल्हेर · शुक्रवार, रात्री 11:15

माझा अनुभव सांगतो, कदाचित उपयोगी पडेल. ग्वाल्हेरला लष्कर भागात आमची एक खोली आहे. किल्ला बघायला येणारे लोक असतात. गेल्या थंडीत एक जोडपं गेल्यावर खोलीत सिगारेटचा उग्र वास होता. मी लिहिलं, "खोलीत धूम्रपान केलं, नियम मोडला." त्याने जाहीर उत्तर दिलं की आम्ही सिगारेट पीतच नाही, शेजारच्या हॉटेलच्या खिडकीतून वास येत होता, आम्ही मुक्कामात तसा मेसेजही केला होता. मी मेसेज उघडून पाहिला, खरंच केला होता. माझ्या लक्षात राहिला नव्हता. राख नाही, थोटूक नाही, चादरीला भोक नाही. माझ्याकडे वासाशिवाय काहीही नव्हतं.

आता त्याचं उत्तर माझ्या रिव्ह्यूखाली कायमचं आहे, आणि वाचणाऱ्याला मीच खोटा वाटतो. तेव्हापासून डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहितो. खिडकीच्या चौकटीवर राख मिळाली तर "राख मिळाली" लिहितो. कोणी ओढली ते मला ठाऊक नसतं.

अण्णा_मुरार · शनिवार, सकाळी 7:20

माझ्या मते आधी भाडेकराराची प्रत पाहावी. अकरा महिन्यांचा करार असेल तर रंगकामाचा खर्च डिपॉझिटमधून वळता करता येतो. आणि पोलिस ठाण्यात भाडेकरूची नोंद केली होती का? आमच्या मुरारच्या घरी एक भाडेकरू भिंतीला खिळे ठोकून गेला, त्याचे अडीच हजार मी डिपॉझिटमधून कापले.

माडीवरची_इंदूर · शनिवार, सकाळी 9:30

अण्णा, हे भाडेकरू नव्हते, दोन रात्रींचे पाहुणे होते. करार आणि डिपॉझिट दोन्ही नाही. ओळखपत्रं आम्ही घेतोच.

सयाजीगंज ताई, तुमच्या प्रश्नांची उत्तरं शोधायला बसले आणि तासभर गेला. जसं आहे तसं लिहिते.

फोटो आहेत. मावशी येण्याआधी 11:20 ला मी चौदा फोटो काढले, वेळ फोनवर दिसते.

रंगाची सूचना लिस्टिंगवर नव्हती. मंगळवारी चावी देताना मी तोंडी सांगितलं होतं, "गेरहून आलात की खाली नळावर पाय धुऊन वर या." नळ दाखवला होता. पाय धुवायला सांगितलं, अंग धुवायला नाही, हे आत्ता लिहिताना जाणवतंय. टॉवेलबद्दल काही बोलले नव्हते.

पाच जणांचं विचारायला मी यांचा फोन मागितला, कारण बुधवारी मी माहेरी होते आणि निरोप यांच्याकडे जात होते. त्यात बुधवारी 2:40 चा मेसेज आहे: "दोन मित्र सोबत आहेत, अंग धुऊन लगेच जातील, चालेल का?" आणि यांनी अंगठा दाखवलाय. मला सांगायचं राहून गेलं म्हणतात. सासूबाईंना पुन्हा विचारलं, ते दोघं दिवेलागणीच्या आधी निघून गेले, रात्री तिघंच होते.

म्हणजे "तिघांचं बुकिंग करून पाच आणले" हे वाक्य मी पाठवलं असतं तर ते चुकीचं ठरलं असतं. रात्रभर मला ते पक्कं वाटत होतं.

रंगाशिवायचं सांगायचं तर एसी, गिझर, दिवे सगळं बंद होतं. चावी जागेवर होती. 10:55 ला निघाले. ओला आणि सुका कचरा वेगवेगळ्या पिशव्यांत बांधून दाराशी ठेवला होता. इंदूरच्या बाहेरच्यांकडून हे क्वचित होतं. एरवी सराफ्यातून आणलेल्या गराडूचे द्रोण, पाण्याच्या बाटल्या आणि उष्टं एकाच पिशवीत असतं, आणि गाडीवाला ती घेत नाही, म्हणून मी हातमोजे घालून निवडत बसते. बादलीची कडी निघाली ते त्यांनी स्वतः कळवलं, पैसे द्यायचेही म्हणाले.

आणि एक वाईट, जे मी आधी लिहिलंच नव्हतं. मंगळवारी रात्री गच्चीवर स्पीकर लावून गाणी चालू होती. दहानंतर शांतता हा नियम लिस्टिंगवर आहे. अकरा वाजून दहा मिनिटांनी यांनी वर जाऊन सांगितलं, तेव्हा लगेच बंद केलं. सासूबाईंना त्या रात्री गोळी घेऊन झोपावं लागलं.

सयाजीगंज_तीन_खोल्या · शनिवार, सकाळी 11:10

ताई, तुम्ही हे इतकं मोकळेपणाने लिहिलंत म्हणून आता नीट बोलता येईल.

बघा काय झालं. जो नियम मोडला असं तुम्हाला वाटत होतं तो मोडलाच नव्हता. यजमानांनी परवानगी दिली म्हणजे तुम्ही दिलीत, पाहुण्याला तुम्ही दोघं एकच. आणि जो खरोखर मोडला, तो रंगाच्या रागात तुम्ही विसरलात. दर वेळी असंच होतं, डोळ्यांना जे भडक दिसतं ते आधी लिहिलं जातं. म्हणून मी तारे देताना लिस्टिंग समोर उघडून बसते आणि एकेक नियम वाचत जाते. पाहुण्याने बुकिंग करताना जे वाचलं त्याच नियमांना तो बांधील. चावी देताना सांगितलेली गोष्ट ही विनंती. ती पाळली नाही तर तसं लिहिता येईल, पण "नियम मोडला" म्हणता येणार नाही. आणि तुमची विनंती पाय धुण्याची होती. ते धुऊन वर आले की नाही?

दुसरं, स्वच्छता. होस्टला पाहुण्याच्या रिव्ह्यूत तीन गोष्टींना तारे द्यायचे असतात, स्वच्छता, घरनियम आणि संवाद. तीनही वेगळ्या ठेवा. गाण्यांचा राग स्वच्छतेत नको आणि रंगाचा राग नियमांत नको.

स्वच्छतेसाठी मी मनाशी असं धरते: चादरी चुरगळलेल्या, कचऱ्याचा डबा भरलेला, बेसिनमध्ये केस, ओट्यावर चहाचा डाग, हे राहणाऱ्या माणसाचं असतंच, त्याचे तारे मी कापत नाही. सफाईच्या पैशांत ते आलं. त्यापलीकडे माझ्या बाईला जो वेळ जास्त लागला तो मी मोजते. तुमचे दोन तास जास्त. तो पक्का आकडा आहे, तोच लिहा. "रंगभूमी" लिहू नका. दोन तास म्हटल्यावर दुसऱ्या होस्टला बरोबर अंदाज येतो.

तिसरं, घाण आणि नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी. जिना पुसला, गेला, ती घाण. टॉवेलचा रंग धुऊनही राहिला तर ते नुकसान, त्याची दाद रिव्ह्यूत मागायची नसते. म्हणून आधी टॉवेल धुऊन बघा, मग लिहा.

रजई_लाँड्री_इंदूर · शनिवार, दुपारी 1:25

टॉवेल गरम पाण्यात घातले नाहीत ना? माझं धुलाईचं काम आहे, रंगपंचमीनंतरचे पंधरा दिवस आमच्याकडे हेच कपडे येतात. उकळत्या पाण्याने रंग धाग्यात आणखी बसतो. आधी कोरडेच झटकायचे, मग वाहत्या गार पाण्याखाली, पाणी पांढरं निघेपर्यंत. पांढरा सुती टॉवेल असेल तर त्यानंतर ऑक्सिजनवाल्या ब्लीचमध्ये रात्रभर. साधा गुलाल बराचसा निघतो. पाण्यात कालवून लावायचा पक्का रंग, विशेषतः हिरवा आणि जांभळा, सगळा निघत नाही, फिका डाग राहतोच.

टाइल्सचं म्हणाल तर टाइलवर चकाकी असते म्हणून ती पुसली जाते. सांध्यातला मसाला सच्छिद्र असतो, तो रंग पितो. घासून फारसा जाणार नाही, सांधे पुन्हा भरून घ्यावे लागतील. आधी त्यावर सील मारलं असतं तर एवढं झालं नसतं. मी सफाईवाला नाही, पण माझ्या स्वतःच्या न्हाणीत हेच झालंय.

माडीवरची_इंदूर · शनिवार, दुपारी 2:00

दोन गरम पाण्यातून काढले मावशींनी. बाकीचे दोन आत्ता गार पाण्याखाली धरलेत.

पाहुणी_म्हणून_लिहिते · शनिवार, संध्याकाळी 6:35

मी होस्ट नाही. बडोद्याची आहे, कामानिमित्त सतत अशा घरांत राहते. दुसऱ्या बाजूने एक सांगते.

दोन वर्षांपूर्वी एका होस्टने माझ्याबद्दल एकच ओळ लिहिली, "स्वच्छतेची सवय नाही." बेसिनमध्ये दोन ताटं आणि चहाचं पातेलं राहिलं होतं, पहाटे चारची गाडी होती. भांडी घासून जा असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. पण वाचणाऱ्याला त्या ओळीवरून काय वाटणार? त्यानंतर तीन ठिकाणी माझी विनंती नाकारली गेली. एका काकूंनी फोनवर विचारलं म्हणून मला कारण कळलं. मी पातेल्याची गोष्ट सांगितली तर त्या म्हणाल्या, एवढंच होय, या मग.

त्या होस्टने "दोन ताटं आणि पातेलं न घासता ठेवलं" असं लिहिलं असतं तर मला काही म्हणायचं नव्हतं. ते खरंच होतं. सवय आहे की नाही, ते एका रात्रीत त्यांना कसं कळलं?

म्हणून ताई, "बेजबाबदार" हा शब्द काढा ही विनंती. टॉवेल रंगले हे जरूर लिहा. वाचून त्या मुलांना लाज वाटेलच.

सुदामानगर_वन_बीएचके · शनिवार, रात्री 8:15

सगळे पाहुण्याचीच बाजू घेताय. आपण सौम्य लिहीत राहिलो तर पुढचा होस्ट फसतो. मला "छान पाहुणे" असा रिव्ह्यू असलेलं कुटुंब आलं होतं आणि गादीची वाट लावून गेलं. आधीच्या होस्टला फोन केला तर म्हणतो, हो, माझ्याकडेही केलं होतं, पण कशाला वाईटपणा घ्या. मग रिव्ह्यू ठेवायचेच कशाला?

सयाजीगंज_तीन_खोल्या · शनिवार, रात्री 9:00

सुदामानगर दादा, हे तुमचं अगदी बरोबर आहे आणि मला ते मान्य आहे. गादी खराब झालेली असताना "छान पाहुणे" लिहिणं हेही खोटंच. आम्ही सौम्य लिहा म्हणत नाही. "चार टॉवेल आणि एक अभ्रा रंगला, सफाईला दोन तास जास्त लागले" यात सौम्य काही नाही. उलट हे वाक्य कोणी खोडू शकत नाही, कारण फोटो आहेत.

खासगी निरोपाची जागाही वेगळी असते, फक्त पाहुण्याला दिसणारी. पाय धुण्याची विनंती, यजमानांचा घोळ, सासूबाईंची झोप, हे त्यात लिहावं. पुढच्या होस्टला त्याचा उपयोग नाही, या मुलांना आहे.

लष्कर_ग्वाल्हेर · शनिवार, रात्री 9:40

एक शंका. पाच जण होते की तीन हे सासूबाईंनी पाहिलं म्हणून कळलं. दाराशी कॅमेरा असता तर वाद राहिला नसता. मी जिन्यात बसवायचा विचार करतोय. कोणी बसवलाय का?

सयाजीगंज_तीन_खोल्या · शनिवार, रात्री 10:10

बाहेरच्या दारावर चालतो, पण कुठे आहे ते लिस्टिंगमध्ये आधीच लिहिलेलं हवं. घराच्या आत कुठेही नाही, 30 एप्रिल 2024 पासून एअरबीएनबीने आतले कॅमेरे पूर्ण बंद केलेत, बैठकीतलेही. तुमचा जिना फक्त पाहुण्यांच्या वापराचा असेल तर तो आत धरतील की बाहेर, हे बसवण्याआधी त्यांनाच विचारून लेखी घ्या. मी तरी जिन्यात लावणार नाही. आणि लपवून लावलेल्या कॅमेऱ्याचं चित्र पुरावा म्हणून पुढे केलंत तर पाहुण्याच्या आधी तुमचंच लिस्टिंग जाईल.

माडीवरची_इंदूर · रविवार, सकाळी 10:20

गार पाण्यातले दोन टॉवेल रात्रभर ब्लीचमध्ये ठेवले होते, निघाले, अगदी फिकी पिवळट छटा आहे. गरम पाण्यातले दोन गेले, गुलाबीच राहिले. ते आमच्या घाईमुळे गेले की मुळातच निघणार नव्हते, हे आता सांगता येत नाही. अभ्रा निम्मा निघाला.

आता नवीन मजकूर:

"तिघे दोन रात्री राहिले. नम्र, प्रत्येक निरोपाला लगेच उत्तर. मित्रांना आणण्याआधी परवानगी मागितली. वेळेवर घर सोडलं, ओला-सुका कचरा वेगळा ठेवला, बादलीची कडी निघाल्याचं स्वतः कळवलं. रंगपंचमी खेळून आल्यावर घरातले चार पांढरे टॉवेल, एक अभ्रा आणि न्हाणीच्या टाइल्सचे सांधे रंगले. सफाईला नेहमीपेक्षा दोन तास जास्त लागले. पहिल्या रात्री शांततेच्या वेळेनंतर 11:10 पर्यंत गच्चीवर गाणी चालू होती, सांगितल्यावर लगेच बंद केली."

स्वच्छतेला 3, नियमांना 4, संवादाला 5. पुन्हा घर द्याल का, याला काय उत्तर द्यावं ते ठरत नाहीये.

पाहुणी_म्हणून_लिहिते · रविवार, सकाळी 11:45

हे वाचून मी होस्ट असते तर त्यांना घर दिलं असतं, आणि होळीच्या दिवसांत टॉवेल उचलून ठेवले असते. मला वाटतं स्वच्छतेला 4 चालतील. कचरा वेगळा केला होता.

सुदामानगर_वन_बीएचके · रविवार, दुपारी 12:30

मी 2 दिले असते. पाहुण्याचे पांढरे टॉवेल रंगाला वापरायचे नाहीत हे काय लिहून द्यावं लागतं का? आणि नियमांनाही 3. दहाचा नियम अकरा दहाला, तोही कोणी जिना चढून सांगितल्यावर.

सयाजीगंज_तीन_खोल्या · रविवार, दुपारी 1:15

मी 3 वर ठाम आहे. दोन तास जादा काम झालं, तेव्हा 4 देऊन मी पुढच्या होस्टला चुकीचं सांगेन. पण अन्न सडलेलं नाही, कुठे उलटी नाही, घर वापरण्याजोगं होतं, म्हणून 2 नाही. आणि दादा, टॉवेलचं तुम्ही म्हणता ते पटतं. अलिखित असलं तरी ते कळायला हवं होतं. म्हणूनच ते स्वच्छतेत धरलंय, नियमांत नाही.

नियमांच्या ताऱ्याबाबत माझंही नक्की नाही. सांगितल्यावर थांबले हे महत्त्वाचं मानावं, की सांगावं लागलं हे? माझ्या खाली म्हातारं माणूस राहत नाही, म्हणून मी कदाचित हलकं घेत असेन.

मजकुरात एकच बदल करा. "रंगपंचमी खेळून आल्यावर" या वाक्याच्या पुढे "याबद्दलचा लेखी नियम लिस्टिंगवर नव्हता" एवढं जोडा. त्या मुलांपैकी कोणी जाहीर उत्तर द्यायचं ठरवलं, 30 दिवस मिळतात त्यांना, तर हेच लिहील. तुम्ही आधीच लिहिलेलं असलं की त्याच्याकडे म्हणण्यासारखं उरत नाही.

रजई_लाँड्री_इंदूर · रविवार, दुपारी 3:05

टॉवेलचे पैसे मागणार का?

माडीवरची_इंदूर · रविवार, दुपारी 4:50

तेच विचारायचं होतं. एक टॉवेल साडेतीनशेचा, दीड वर्ष वापरलेला. दोन गेले.

सयाजीगंज_तीन_खोल्या · रविवार, संध्याकाळी 5:30

मागायचे तर त्याचीही मुदत चेक-आउटपासून 14 दिवसच आहे. आधी पाहुण्याला मागणी जाते, त्याने 24 तासांत दिलं नाही किंवा नाही म्हणाला तर एअरबीएनबीला मध्ये घेता येतं. फोटो आणि पावती लागते. नव्या किमतीने मागू नका, दीड वर्ष धुतलेला टॉवेल साडेतीनशेचा राहत नाही. आणि गरम पाण्याची गोष्ट लपवू नका.

मागणी आधी करावी की रिव्ह्यू आधी, यावर आमच्या बडोद्याच्या गटातही एकमत नाही. मागणी आधी गेली की पाहुणा चिडून तुमच्याबद्दल लिहितो. रिव्ह्यू आधी दिला तर तो म्हणू शकतो की रिव्ह्यूत नाही आणि आता पैसे मागताय. तुमच्या रिव्ह्यूत टॉवेल आहेत, तेव्हा दुसरी भीती नाही. एक मात्र कधीच करू नका: "पैसे द्या, नाहीतर वाईट लिहीन" किंवा "चांगलं लिहीन, पैसे द्या". अगदी गमतीतही नको. तो मेसेज राहतो आणि तुमचा रिव्ह्यू काढून टाकला जातो.

अण्णा_मुरार · रविवार, संध्याकाळी 7:10

माझा गैरसमज झाला होता, आता सगळं वाचलं. सूनबाईंनी सासूबाईंच्या झोपेचं लिहिलं ते बरं केलं. पण ते खासगीत का, जाहीर का नाही? ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे अशा होस्टला तेच तर कळायला हवं.

माडीवरची_इंदूर · सोमवार, सकाळी 10:05

अण्णा, जाहीर मजकुरात गाणी 11:10 पर्यंत होती हे आहे. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांना तेवढ्यावरून कळेल. गोळीचं त्या मुलांना खासगीत लिहिलंय.

काल रात्री पाठवला. लिस्टिंगवर नियम नव्हता ही ओळ जोडली. 3, 4, 5 ठेवले. पुन्हा घर द्याल का, याला "हो" दिलं. यांनी विचारलं, पुढच्या रंगपंचमीला पुन्हा आले तर? मी म्हटलं, टॉवेलचा नियम लिहून ठेवला असेल तर येऊ देत. सासूबाई म्हणाल्या, मला विचारशील तर नाही. तरी "हो"च ठेवलं, पण त्यांचं म्हणणं मनातून जात नाही.

टॉवेलचे पैसे मागितले नाहीत. दोन टॉवेल कोणामुळे गेले हे मलाच छातीठोकपणे सांगता येत नसेल तर मागणार कशी.

घरनियमांत आज हे घातलंय: "होळी ते रंगपंचमी या दिवसांत रंग लागलेल्या अंगाने माडीवर येऊ नये. अंगणातल्या न्हाणीत गरम पाणी, साबण आणि गडद रंगाचे टॉवेल ठेवलेले असतील, तिथे अंघोळ करून वर यावं. पांढरे टॉवेल रंगासाठी वापरल्यास प्रत्येकी 200 रुपये." अंगणातल्या न्हाणीला सध्या कडी नाही, सुताराला सांगितलंय. दोनशे हा आकडा बरोबर आहे का, आणि असा दर नियमात लिहिला तर तो वसूल करता येतो का, हे कोणी केलं असेल तर सांगा.

लष्कर_ग्वाल्हेर · सोमवार, दुपारी 12:40

दर मी चादरीसाठी लिहिलाय, एकदा मागितला, पाहुण्याने दिला. नाही म्हणाला असता तर काय झालं असतं ते ठाऊक नाही. टॉवेलचा फोटो मात्र पाहुणे यायच्या आधीही काढून ठेवा, घडी घातलेला, तारखेसह. आमच्या चादरीच्या वेळी तोच कामी आला.